तासावर भाड्याने मिळणारा खेळ

मार्च २०२० च्या पहिल्या दिवशी ‘द लाँग डार्क’ हा खेळ एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स नाऊ’ या सेवेतून गायब झाला. कॅनडातल्या हिंटरलँड या छोट्या स्टुडिओचा हा खेळ. बर्फात अडकलेल्या माणसाने तगून राहायचं, एवढीच त्यातली गोष्ट. खेळ ज्यांनी स्टीमवर पैसे मोजून विकत घेतला होता, त्यांच्या खात्यात तो होताच. सेवेची वर्गणीही भरलेली होती. तरीही तो एनव्हिडियाच्या सर्व्हरवर चालेना. स्टुडिओचे प्रमुख राफाएल व्हॅन लिरोप यांनी ट्विटरवर कारण सांगून टाकलं: एनव्हिडियाने खेळ आपल्या सेवेत घेताना आम्हाला विचारलंच नव्हतं, आणि नंतर माफीदाखल एक ग्राफिक्स कार्ड देऊ केलं. आपला खेळ कुठे चालावा हे ठरवण्याचा हक्क तो बनवणाऱ्याचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

खेळणारे चक्रावले. माझा खेळ, माझे पैसे. मग तो मी घरच्या संगणकावर चालवला काय आणि भाड्याच्या संगणकावर चालवला काय, यांचं काय गेलं? प्रश्न वाजवी होता, पण उत्तर त्यांच्या बाजूचं नव्हतं. क्लाउड गेमिंगची वर्गणी भरणाऱ्याला नेमकं काय मिळतं हे समजून घ्यायचं तर याच भांडणापासून सुरुवात केलेली बरी. कारण जाहिरातीत ‘हजारो खेळ, कुठल्याही स्क्रीनवर’ असं मोठ्या अक्षरात असतं आणि तास, रांग, रिझोल्यूशन व खेळांची यादी या चार गोष्टी खाली बारीक अक्षरात.

क्लाउड गेमिंगमध्ये खेळ चालतो दूरच्या डेटा सेंटरमधल्या संगणकावर. घरच्या लॅपटॉपवर, फोनवर किंवा टीव्हीवर येतं ते फक्त त्याचं चित्र आणि आवाज, आणि घरून जातात ती बटणं दाबल्याची खबर. ऐकायला हे ओटीटीवर सिनेमा पाहण्यासारखं वाटतं, पण हिशोब पार वेगळा आहे. सिनेमा एकदा तयार झाला की त्याचीच फाइल लाखो जणांना पाठवता येते. खेळात प्रत्येकाचं चित्र वेगळं. दहा हजार माणसं एकाच वेळी खेळत असतील, तर दहा हजार जणांसाठी ग्राफिक्स कार्डाचा वेगवेगळा वाटा त्या क्षणी राबत असतो. गल्लीतल्या दुकानात तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलीसारखा हा व्यवहार आहे: एक जण ती फिरवत असेल तोवर दुसऱ्याने थांबायचं.

त्यात एक मेख आणखी आहे. दुकानातल्या सायकली संपल्या म्हणून पलीकडच्या गावातून मागवता येत नाहीत. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ हा या धंद्याचा प्राण. सर्व्हरला संदेश पोहोचून परत यायला ८० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला पाहिजे, आणि शक्यतो ४० पेक्षा कमी, असं एनव्हिडिया सांगते. म्हणजे न्यू जर्सीतल्या माणसासाठी सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व भागातच हवा. तिथे रात्रीचे नऊ वाजले की सगळे एकदम खेळायला बसतात. त्याच वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाला सकाळ असते आणि तिथले सर्व्हर रिकामे असतात, पण ते इथे कामाचे नाहीत. सकाळभर मोकळी पडून राहणारी आणि रात्री अपुरी पडणारी यंत्रं वाटून द्यायची कशी, या एकाच प्रश्नातून वर्गणीतले बहुतेक नियम निघाले आहेत.

यातला पहिला नियम एका बैठकीच्या लांबीचा. जीफोर्स नाऊच्या फुकट प्लॅनमध्ये एक बैठक, म्हणजे सेशन, एका तासाची. दरमहा ९.९९ डॉलरच्या ‘परफॉर्मन्स’ प्लॅनमध्ये सहा तासांची आणि १९.९९ डॉलरच्या ‘अल्टिमेट’मध्ये आठ तासांची. वेळ संपत आली की पडद्यावर इशारा येतो आणि वेळ संपली की खेळ बंद होतो. बंदी वगैरे काही नाही. लगेच पुन्हा सुरू करता येतो. फक्त पुन्हा रांगेत उभं राहायचं. मधेच कोणी खेळ चालू ठेवून जेवायला उठला तर काही मिनिटं वाट पाहून सेशन आपोआप तुटतं, कारण नुसतं अडवून ठेवलेलं यंत्र कंपनीला परवडत नाही.

फुकट प्लॅनवाल्याला एका तासाची ही भिंत फार बोचते ती खेळाच्या जातीमुळे. फोर्टनाइटसारख्या खेळात एक डाव वीस-पंचवीस मिनिटांत आटपतो. तासात दोन-तीन डाव होतात आणि कुठेही थांबलं तरी बिघडत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’सारख्या कथाप्रधान खेळात मात्र एकेक लढाई पाऊण तास चालू शकते. ती पन्नासाव्या मिनिटाला सुरू केली, तर ती संपण्याआधीच पडदा काळा होईल. म्हणून जाणकार मंडळी चाळिसाव्या मिनिटाच्या पुढे नवी भानगड अंगावर घेत नाहीत. तोपर्यंतचा खेळ सेव्ह होऊन स्टीमच्या क्लाउडवर पोहोचला की पुढच्या बैठकीत तिथूनच सुरू करता येतं. पण काही खेळ सेव्ह फाइल फक्त त्याच यंत्रावर ठेवतात. क्लाउडमध्ये ते यंत्र बैठकीनंतर पुसून पुढच्या माणसाला दिलं जातं, तेव्हा अशा खेळाची प्रगतीही पुसली जाऊ शकते. स्टीमच्या दुकानात खेळाच्या पानावर उजव्या बाजूला Steam Cloud असं लिहिलेलं आहे का, हे आधी पाहिलं तर ही वेळ येत नाही.

बैठकीच्या मर्यादेची लोकांना सवय झाली होती. खरा आरडाओरडा झाला तो महिन्याच्या मर्यादेवर. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की पैसे भरणाऱ्यांनाही यापुढे महिन्याला १०० तासच मिळतील. नव्या सभासदांना हा नियम १ जानेवारी २०२५ पासून आणि आधीपासूनच्या सभासदांना वर्षभराची सवलत देऊन १ जानेवारी २०२६ पासून. ९४ टक्के सभासद तसेही १०० तासांच्या आतच खेळतात, असं कंपनीने सांगितलं. न वापरलेल्या तासांपैकी जास्तीत जास्त १५ तास पुढच्या महिन्यात जातात. त्याहून जास्त हवे असतील तर १५ तासांचा गठ्ठा विकत घ्यायचा: परफॉर्मन्सवाल्याला २.९९ डॉलर, अल्टिमेटवाल्याला ५.९९. तोही नको असेल, तर महिन्याचे उरलेले दिवस फुकट प्लॅनच्या दर्जाचं यंत्र मिळतं. २०२० च्या सुरुवातीला ४.९९ डॉलरमध्ये ‘फाउंडर’ म्हणून आलेल्या आणि वर्गणी कधीही न मोडलेल्या सभासदांना मात्र तासांची मर्यादा नाही. मधे एकदा वर्गणी बंद पडली की तो मान गेला.

१०० तास म्हणजे रोजचे तीन तास वीस मिनिटं. नोकरी करून खेळणाऱ्याला हे पुरतात की नाही, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, न्यू जर्सीत राहणारा एक मराठी अभियंता परफॉर्मन्स प्लॅनवर आहे. कामाच्या दिवशी तो अडीच तास खेळतो. बावीस दिवसांचे पंचावन्न तास झाले. शनिवार-रविवारी पाच-पाच तास, अशा आठ दिवसांचे चाळीस. एकूण ९५, म्हणजे मर्यादेच्या आत. उरलेले पाच तास डिसेंबरमध्ये गेले. डिसेंबरात नाताळची सुट्टी आली, बाहेर बर्फ आहे, मुलं आजीशी व्हिडिओ कॉलवर गुंतलेली आहेत. नेहमीपेक्षा वीस तास जास्त खेळणं झालं. ११५ तास लागले आणि हाताशी होते १०५. दहा तासांसाठी पंधराचा गठ्ठा घ्यावा लागला आणि त्या महिन्याचा खर्च ९.९९ वरून १२.९८ डॉलरवर गेला. रक्कम काही मोठी नाही. पण घरातला मुलगाही त्याच खात्यावर खेळत असेल, तर तास त्याच एका पेटीतून जातात आणि महिन्याच्या विसाव्या दिवशीच खडखडाट होतो. घराघरांतून तक्रार येते ती बहुधा इथूनच.

रांगेची गोष्ट थोडी वेगळी. खेळ सुरू करा म्हटलं की ॲप आधी यंत्र शोधतं, आणि मोकळं यंत्र नसेल तर तुमच्यापुढे किती जण आहेत ते दाखवतं. प्लॅन वरचा असेल तर रांग वेगळी आणि छोटी असते. अल्टिमेटवाल्यांची यंत्रंच निराळी असतात, त्यामुळे ते फुकटवाल्यांच्या गर्दीत उभेच राहत नाहीत. फुकटवाल्यांना संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी किंवा एखादा गाजणारा खेळ नुकताच आला असेल तेव्हा बराच वेळ ताटकळावं लागतं. २०२४ पासून तर रांगेत उभं असताना दोन मिनिटांपर्यंत जाहिरातीही पाहाव्या लागतात. एक तास खेळ, मग पुन्हा रांग आणि पुन्हा जाहिरात, हे चक्र फुकट प्लॅनची खरी किंमत आहे. ती वेळेत मोजली जाते एवढंच.

‘प्राधान्य’ म्हणजे रांग नाहीच, अशी मात्र समजूत करून घेऊ नये. पैसे भरलेल्यांची संख्याही रात्री नऊला यंत्रांपेक्षा जास्त होऊ शकते. प्राधान्याने मिळते ती रांगेतली पुढची जागा, हमखास मोकळं यंत्र मिळेल असा शब्द नव्हे. खात्री करून घ्यायची असेल तर एनव्हिडिया २४ तासांचे पासही विकते: परफॉर्मन्सचा ३.९९ डॉलरला आणि अल्टिमेटचा ७.९९ ला. ज्याला महिन्यातून एकदाच, मित्र जमले असताना खेळायचं आहे त्याच्यासाठी हा पास ठीक आहे. शिवाय आपल्या भागात शनिवारी रात्री काय परिस्थिती असते ते शनिवारी रात्रीच पास काढून पाहता येतं. मंगळवारी सकाळी अकराला चाचणी घेऊन वर्षाची वर्गणी भरणारा मात्र हमखास फसतो.

आता चित्राकडे येऊ. फुकट प्लॅनमध्ये १०८०पी, म्हणजे फुल एचडी, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत. परफॉर्मन्समध्ये १४४०पीपर्यंत. अल्टिमेटमध्ये ४केच्याही पुढे, ५केपर्यंत आणि १२० फ्रेम. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून आरटीएक्स ५०८० दर्जाची यंत्रं. या प्रत्येक आकड्यामागचा ‘पर्यंत’ हा शब्दच महत्त्वाचा आहे. लॅपटॉपचा पडदा फुल एचडी असेल तर ४केचे पैसे पडद्यावर फारसे दिसणार नाहीत. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर १२० फ्रेम येऊनही डोळ्यांना साठच दिसणार.

पडद्याच्या आधी अडवते ती इंटरनेटची जोडणी. ७२०पीसाठी सेकंदाला १५ मेगाबिट, १०८०पीसाठी २५, १४४०पीसाठी ३५ आणि ४केसाठी ४५ मेगाबिटचा वेग लागतो असं एनव्हिडिया सांगते. बहुतेक फायबर जोडण्यांवर एवढा वेग सहज असतो. पण वेग पुरेसा असला तरी डेटा किती जातो याकडे कोणी पाहत नाही. २५ मेगाबिटचा प्रवाह सलग चालला तर तासाला सव्वाअकरा जीबी होतात. ४५ चा असेल तर सव्वावीस. शंभर तास फुल एचडीत खेळलं तर अकराशे जीबीच्या वर मजल जाऊ शकते. घरच्या फायबरवर हे चालून जाईल. पण आपल्याकडे काही एअरफायबर प्लॅनमध्ये महिन्याला १००० जीबीनंतर वेग उतरतो, आणि मग घरातल्या सगळ्यांचंच इंटरनेट रडायला लागतं. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर तर विचारूच नका. सेकंदाला दहा मेगाबिट धरले तरी सत्ताविसाव्या मिनिटाला दिवसाचा कोटा साफ.

चित्र धुरकट आलं की बहुतेक लोक प्लॅनला दोष देतात आणि वरचा प्लॅन घेतात. त्याआधी संगणकावर खेळ चालू असताना कीबोर्डवर Ctrl+N दाबून पाहावं. जीफोर्स नाऊच्या ॲपमध्ये कोपऱ्यात आकड्यांची एक पट्टी उघडते. त्यात पिंग, हरवलेली पॅकेट, फ्रेम आणि प्रत्यक्ष येत असलेलं रिझोल्यूशन दिसतं. पिंग वीस-तीसवर स्थिर आहे आणि पॅकेट हरवत नाहीत, तरी फ्रेम कमी पडत असतील, तर पलीकडचं यंत्र दमलं आहे. खेळातली ग्राफिक्सची सेटिंग एक पायरी खाली आणावी, किंवा मग वरच्या प्लॅनचा विचार करावा. पिंग मात्र वीसवरून दीडशेवर उडी मारून पुन्हा खाली येत असेल आणि अधूनमधून पॅकेट हरवत असतील, तर दोष घरातच आहे. बहुधा राउटर हॉलमध्ये आणि खेळणारा आतल्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असतो. शेजारच्या सात घरांचे राउटरही त्याच पट्ट्यात बोलत असतात. ५ गिगाहर्ट्झवर गेलं किंवा सरळ केबल जोडली की उड्या थांबतात. अशा वेळी अल्टिमेट घेतलं असतं तर वीस डॉलर भरूनही चित्र तसंच आलं असतं; कदाचित थोडं वाईटच, कारण मोठ्या प्रवाहाला रस्ता आणखी रुंद लागतो.

उरला तो यादीचा प्रश्न, म्हणजे ‘द लाँग डार्क’चं भांडण. जीफोर्स नाऊच्या वर्गणीत सशुल्क खेळ मिळत नाहीत. मिळतं ते यंत्र. खेळ स्टीम, एपिक, युबिसॉफ्ट यांच्या दुकानातून आपणच घ्यायचा. ४ फेब्रुवारी २०२० ला सेवा सर्वांसाठी खुली झाली तेव्हा एनव्हिडियाची समजूत अशी होती की गिऱ्हाईक स्वतःचाच खेळ चालवतंय, मग प्रकाशकाला विचारायचं कशाला. आठवडाभरात ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डने आपले खेळ काढून घेतले, मग बेथेस्डाने जवळजवळ सगळे, मग २केने. प्रकाशकांचं म्हणणं असं की आम्ही खेळ विकतो तेव्हा तो वापरण्याचा परवाना देतो, आणि दुसऱ्या कंपनीने त्यावर वर्गणी गोळा करावी हे त्या परवान्यात बसत नाही. अखेर एनव्हिडियाने माघार घेतली आणि त्या वर्षीच्या मेअखेर नियम बदलला: प्रकाशक स्वतःहून हो म्हणेल तोच खेळ सेवेत येईल.

तेव्हापासून स्टीमवर असलेला प्रत्येक खेळ क्लाउडवर असेलच असं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘इन्स्टॉल टू प्ले’ हा नवा मार्ग आला आणि यादी एकदम दुपटीने वाढून साडेचार हजारांच्या पुढे गेली, असं कंपनी सांगते. पण त्या जादा खेळांना एक अट आहे. ते सर्व्हरवर आधीपासून तयार नसतात. बैठक सुरू झाल्यावर स्टीमवरून उतरवून घ्यावे लागतात. डेटा सेंटरमध्ये वेग भरपूर असल्याने हे घरच्यापेक्षा पुष्कळ लवकर होतं, पण बैठक संपली की उतरवलेलं सगळं पुसलं जातं. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. ते टाळायचं तर २०० जीबी जागेचे महिन्याला २.९९ डॉलर वेगळे भरायचे. शिवाय ही सोय फुकट प्लॅनवर नाही. त्यामुळे ‘साडेचार हजार खेळ’ हा आकडा वाचताना त्यातले निम्मे या अटीचे आहेत हे ध्यानात ठेवावं.

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स गेम पास याच्या बरोबर उलटा. तिथे यंत्राबरोबर खेळांचं वाचनालयही मिळतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हाच जवळचा, कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग अधिकृतपणे भारतात आलं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये कंपनीने प्लॅनची फेरमांडणी केली आणि भारतातले मासिक दर असे ठरले: इसेन्शियल ४९९ रुपये, प्रीमियम ६९९ आणि अल्टिमेट १३८९. तिन्हींत क्लाउडवर खेळता येतं. शंभर तासांसारखी मासिक मर्यादा इथे नाही. फरक ठेवलाय तो चित्राच्या दर्जात, रांगेत आणि सर्वांत जास्त यादीत. १४४०पीपर्यंतचं चित्र आणि सर्वांत छोटी रांग अल्टिमेटलाच.

यादीतला फरक तर पैशापेक्षाही मोठा. इसेन्शियलमध्ये पन्नासच्या वर खेळ, प्रीमियममध्ये दोनशेच्या वर आणि अल्टिमेटमध्ये चारशेच्या वर. पण आकड्यांपेक्षा कोणते खेळ आणि कधी, ते बघावं. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे नवे खेळ पहिल्या दिवशी फक्त अल्टिमेटमध्ये येतात. प्रीमियमवाल्याने वर्षभरापर्यंत वाट पाहायची, आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी’ तर त्या बोलीतही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्येच ‘कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स ७’ आला. त्याच महिन्यात ६९९ रुपये भरून तो शोधायला गेलेल्याला तो सापडण्याची सोयच नव्हती; त्यासाठी १३८९ चा प्लॅन हवा होता. शिवाय वाचनालयातला खेळ बहुधा मूळ खेळ असतो. त्याचे पुढचे भाग, जादा कथा वगैरे वेगळे विकत घ्यायचे. आणि गेम पासमधला प्रत्येक खेळ क्लाउडवर चालत नाही. काही फक्त संगणकावर किंवा कन्सोलवर उतरवूनच खेळायचे असतात. ॲपमध्ये खेळावर ढगाची खूण आहे का, एवढं पाहिलं की कळतं.

न्यू जर्सीतल्या त्या अभियंत्याचा पुण्यातला चुलतभाऊ इथे अडकू शकतो. त्यानेही ‘बाल्डर्स गेट ३’ स्टीमवर घेतलेला आहे. विकत घेतलेले खेळ क्लाउडवर चालवण्याची सोय एक्सबॉक्सनेही नोव्हेंबर २०२४ पासून निवडक देशांत सुरू केली, आणि ‘बाल्डर्स गेट ३’ तिच्या पहिल्याच यादीत होता. पण ‘विकत घेतलेला’ याचा अर्थ एक्सबॉक्सच्या दुकानातून घेतलेला. स्टीमची पावती तिथे चालत नाही. म्हणजे न्यू जर्सीत जीफोर्स नाऊवर जो खेळ एका क्लिकवर उघडतो, तोच खेळ पुण्यात एक्सबॉक्सवर चालवायचा तर पुन्हा विकत घ्यावा लागेल. सोनीच्या प्लेस्टेशन प्लसमध्येही क्लाउडची सोय ‘प्रीमियम’ प्लॅनमध्ये असते. भारतात त्या जागी २०२२ पासून ‘डिलक्स’ विकला जातो आणि त्यात क्लाउडवरून खेळणं नाही. नावं मिळतीजुळती असल्याने परदेशातल्या भावाचा सल्ला ऐकून इथे प्लॅन घेणाऱ्याची फसगत होते.

स्टीमवरच्या खरेदीला मात्र एक आधार आहे. जीफोर्स नाऊ उद्या बंद पडलं तरी खेळ स्टीमवर राहतो; बऱ्यापैकी संगणक घेतला की चालवता येतो. गुगलच्या स्टेडियाचं तसं नव्हतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ती सेवा १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली, आणि तिथे घेतलेले खेळ दुसरीकडे कुठे नेताच येत नव्हते. गुगलने खेळांचे आणि कंट्रोलरचे पैसे परत केले म्हणून बोंब झाली नाही. असं करण्याची सक्ती मात्र कोणावरही नाही.

गेम पासच्या वाचनालयातूनही पुस्तकं निघून जातात, कारण प्रकाशकाशी झालेला करार ठरावीक मुदतीचा असतो. निघणाऱ्या खेळांची यादी साधारण दोन आठवडे आधी ॲपमध्ये ‘लवकरच जाणारे’ अशा कप्प्यात लागते. साठ तास खेळून झालेत आणि शेवट वीस तासांवर आहे, अशा अवस्थेत आपला खेळ त्या कप्प्यात दिसला, तर दोन मार्ग उरतात: पंधरवड्यात संपवायचा, किंवा सभासदांना मिळणारी २० टक्क्यांपर्यंतची सूट घेऊन विकत घ्यायचा. विकत घेतला तर सेव्ह फाइल खात्यावर तशीच असते आणि साठ तासांचं खेळणं वाया जात नाही. तो क्लाउडवरही चालेल का, हे मात्र विकत घेण्याआधी वेगळं तपासावं लागतं; विकत घेतलेल्या खेळांची क्लाउडवरची यादी निराळी आहे, आणि ज्याच्याकडे कन्सोल किंवा तेवढा दमदार संगणक नाही, त्याच्यासाठी निर्णय तिथेच होतो.